पन्नास शोधनिबंध, एक आठवडा आणि सरांची छोटी गोळी

मागच्या वर्षी पावसाळ्यात एका सोमवारी संध्याकाळी ओपीडी संपता संपता आमचे एक जुने पेशंट आले. वय 66, निवृत्त शिक्षक, चौदा वर्षांपासून मधुमेह. साखर आणि रक्तदाब दोन्ही बऱ्यापैकी ताब्यात. हार्ट ॲटॅक, अँजिओप्लास्टी, पक्षाघात यांतलं कधी काही झालेलं नाही. त्यांच्या मेहुण्यांना आठवड्यापूर्वी काळी शी होऊन, चक्कर येऊन रुग्णालयात न्यावं लागलं होतं. पोटात रक्तस्राव झाला होता. मेहुणे रोज एक छोटी गोळी घेत, 75 मिलिग्रॅमची ॲस्पिरिन. सरही तीच घेत.

"डॉक्टरसाहेब, माझी गोळी बंद करू का?" सरांनी विचारलं.

ती गोळी त्यांना नऊ वर्षांपूर्वी मीच सुरू केली होती. मधुमेह आहे, वय वाढतंय, तेव्हा हृदयाच्या रक्षणासाठी ॲस्पिरिन द्यावी, असं तेव्हा आमच्यापैकी अनेक जण मानत असू. नंतर मोठे अभ्यास आले, मत बदलत गेलं, हे मला वरवर ठाऊक होतं. पण सरांसमोर बसून 'चालू ठेवा' किंवा 'बंद करा' असं ठामपणे सांगण्याइतकं मी वाचलेलं नव्हतं. मी म्हणालो, "सर, मला एक आठवडा द्या. पुढच्या सोमवारी नक्की सांगतो. तोपर्यंत शी काळी झाली किंवा पोटात दुखलं तर लगेच फोन करा."

डॉक्टर 'वाचून सांगतो' म्हणतात तेव्हा नेमकं काय करतात, हा प्रश्न मला अनेक वाचक विचारतात. तुमच्यापैकी काही जण स्वतःही इंटरनेटवर शोधनिबंध उघडून बसता आणि गोंधळून जाता. म्हणून त्या आठवड्याचा हिशोब आज मांडतो. त्यात माझी एक चूकही आहे.

पन्नासांचा ढीग

त्या रात्री पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीत मी हे टाइप केलं:

```
aspirin AND diabetes AND "primary prevention"
```

यादी भलीमोठी आली. त्यातले वरवर कामाचे वाटणारे उचलले, मित्रांनी डॉक्टरांच्या ग्रुपवर पाठवलेले त्यात घातले, दोन निबंधांच्या शेवटच्या संदर्भसूचीतून आणखी काही घेतले. मोजले तर बरोबर पन्नास झाले. एक निबंध नीट वाचायला मला तास-दीड तास लागतो. पन्नास निबंध म्हणजे साठ-सत्तर तास. दिवसभर दवाखाना चालवून माझ्याकडे आठवड्यात फार तर दहा तास होते.

अशा वेळी सगळ्यात मोठा मोह असतो तो वरून पहिला निबंध उघडून वाचायला सुरुवात करण्याचा. बुधवारपर्यंत चार वाचून होतात, ते चारही चुकीचे असू शकतात, आणि उरलेल्या शेहेचाळिसांत काय आहे ते कळतच नाही. अपघात विभागात एकाच वेळी वीस जखमी आले, तर डॉक्टर पहिल्या माणसाचे टाके घालत बसत नाहीत. आधी सगळ्यांवरून एक नजर फिरवतात. मीही तेच करायचं ठरवलं.

त्याआधी एका कागदावर प्रश्न लिहिला, कारण प्रश्न नेमका नसेल तर काय टाकायचं हे ठरवता येत नाही. चार गोष्टी लिहिल्या. माणूस कोण? मधुमेह असलेला, पण हृदयविकार न झालेला. उपचार कोणता? कमी मात्रेची ॲस्पिरिन. तुलना कशाशी? ॲस्पिरिन न घेण्याशी. आणि मोजायचं काय? हार्ट ॲटॅक, पक्षाघात, मृत्यू आणि मोठा रक्तस्राव.

या कागदात एक चूक होती. ती मला गुरुवारी कळली. पण क्रमाने जाऊ.

पहिली फेरी: फक्त शीर्षकं

सोमवारी रात्री पन्नास शीर्षकं वाचली. एकेका शीर्षकाला मिनिटभराहून कमी वेळ. निबंध उघडायचा नाही, असा नियम घातला.

अकरा निबंध उंदरांवरचे किंवा प्रयोगशाळेतल्या पेशींवरचे होते. ते बाजूला. नऊ निबंध आधीच हार्ट ॲटॅक किंवा स्टेंट झालेल्यांवरचे होते. ते महत्त्वाचे असले तरी सरांचे नव्हेत. ज्याला एकदा ॲटॅक आला आहे त्याला दुसरा येण्याचा धोका इतका जास्त असतो, की तिथे ॲस्पिरिनचा फायदा रक्तस्रावाच्या धोक्यापेक्षा बराच मोठा ठरतो. ते उत्तर उचलून सरांना लावता येत नाही. सहा निबंध कर्करोग, गर्भारपणातला रक्तदाब अशा वेगळ्याच कारणांसाठी ॲस्पिरिन देण्याबद्दल होते. पाच संपादकीयं आणि पत्रं होती, म्हणजे दुसऱ्यांच्या अभ्यासावर कुणाचं तरी मत.

एकतीस गेले, एकोणीस उरले. वेळ लागला पाऊण तास.

बाजूला टाकलेल्या प्रत्येकापुढे मी दोन-तीन शब्दांत कारण लिहिलं: 'उंदीर', 'स्टेंट असलेले', 'मत'. कंटाळा येतो, पण हे टाळू नका. का ते पुढे येईलच.

दुसरी फेरी: सारांश

मंगळवारी एकोणीस सारांश वाचले, प्रत्येकी पाच मिनिटं. इथे फसवणूक जास्त असते, कारण सगळेच विषयाला धरून वाटतात.

चार निबंधांत मधुमेहींना ॲस्पिरिन देऊन त्यांच्या रक्तातल्या प्लेटलेट किती चिकटतात हे मोजलं होतं. माणसं खरी, औषध तेच, पण कुणाला ॲटॅक आला आणि कोण वाचलं याचा पत्ता नाही. असे निबंध मी मागे टाकतो, आणि त्यामागे एक जुना धडा आहे. हार्ट ॲटॅकनंतर हृदयाचे ठोके मध्येच चुकत असतील तर मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून ते चुकीचे ठोके दाबणारी औषधं दिली जात. ईसीजी सुधारायचा, सगळे खूश. मग अमेरिकेत 'कास्ट' नावाचा अभ्यास झाला. त्यात अशा दोन औषधांवरच्या 755 रुग्णांपैकी 63 दगावले, तर प्लासिबोवरच्या, म्हणजे औषध नसलेल्या हुबेहूब गोळीवरच्या, 743 पैकी 26. ईसीजी सुधारत होता आणि माणसं जास्त मरत होती. 1991 साली हे आकडे छापून आले. तेव्हापासून 'रिपोर्ट सुधारला' आणि 'माणूस वाचला' या दोन गोष्टी वेगळ्या मोजायच्या, हे आमच्या पिढीला शिकवलं गेलं.

सहा निबंध म्हणजे दोन मोठ्या अभ्यासांचेच तुकडे होते. त्याच माणसांची माहिती, पण कधी स्त्रियांचा वेगळा हिशोब, कधी मूत्रपिंडाचा. सहा वेगळे पुरावे वाटतात, पण मूळ अभ्यास दोनच. मूळ अभ्यास वाचायचे ठरले की हे आपोआप मागे जातात.

पाच निबंध अनेक अभ्यासांची बेरीज करणारे होते. ते शेजारी शेजारी ठेवून त्यांत कोणते अभ्यास घेतलेत ते पाहिलं. नावं जवळजवळ तीच. मग पाचही वाचण्यात अर्थ नव्हता. 2019 सालचा एक ठेवला. त्यात 13 अभ्यास आणि सुमारे 1 लाख 64 हजार माणसं होती.

राहिला एक, स्वीडनचा. गोळी कुणाला द्यायची हे त्यात चिठ्ठी टाकून ठरवलेलं नव्हतं. सरकारी नोंदींमधून कुणी औषध घेतलं आणि पुढे काय झालं एवढंच पाहिलं होतं. उत्तम प्रतीचे चिठ्ठीवाले अभ्यास हाती असताना हा कशाला, म्हणून त्याच्यापुढे 'नुसतं निरीक्षण' असं लिहून बाजूला टाकला.

उरले चार. बेरजेचा निबंध आणि तीन मूळ अभ्यास: ब्रिटनचा 'असेंड', ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतला 'ॲस्प्री' आणि जपानचा 'जेपॅड'.

तिसरी फेरी: चार निबंध, तेही उलट्या क्रमाने

बेरजेचा निबंध आधी उघडला, पण त्यातला फक्त अभ्यासांचा तक्ता पाहिला. नवख्या गावात शिरण्याआधी नकाशा पाहावा तसा. त्यावरून कळलं, की सरांसारख्या माणसांवर थेट झालेला सगळ्यात मोठा अभ्यास असेंड आहे. म्हणून तो पहिला.

निबंध मी प्रस्तावनेपासून वाचत नाही. प्रस्तावनेत विषय किती महत्त्वाचा आहे ते असतं, ते मला ठाऊक असतं. शेवटच्या चर्चेत लेखकांना काय वाटतं ते असतं, ते शेवटी. मी आधी 'पद्धती' हा विभाग वाचतो, जो बहुतेक जण गाळतात. माणसं कोण, तुलना कशाशी, काय मोजलं, हे तीन प्रश्न तिथेच सुटतात.

असेंडमध्ये 15,480 माणसं होती. सगळ्यांना मधुमेह, हृदयविकार कुणालाच नाही. निम्म्यांना रोज 100 मिलिग्रॅम ॲस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी प्लासिबो गोळी. सरासरी सात वर्षांहून थोडा जास्त काळ पाठपुरावा. सर थेट यात बसत होते.

पण पद्धती वाचताना एक गोष्ट दिसली, जी घाईत निसटली असती. 'गंभीर घटना' म्हणून जे मोजलं होतं त्यात हार्ट ॲटॅक, पक्षाघात आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांमुळे झालेले मृत्यू होतेच, शिवाय टीआयएसुद्धा होता. टीआयए म्हणजे बहुधा काही मिनिटांत किंवा तासांत पूर्ण ओसरणारा, पक्षाघातासारखा छोटा झटका. तो धोक्याची घंटा असतो खरा, पण मृत्यूच्या शेजारी त्याला एकाच टोपलीत ठेवलं तर टोपली भरलेली दिसते. अभ्यास चालू असतानाच, निकाल उघडण्याआधी, तो या यादीत घातला गेला होता. यात गैर काही नाही, निबंधातच तसं लिहिलंय. वाचणाऱ्याने मात्र लक्षात ठेवायला हवं.

आता आकडे. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत अशा घटना 8.5 टक्के, न घेणाऱ्यांत 9.6 टक्के. मोठा रक्तस्राव घेणाऱ्यांत 4.1 टक्के, न घेणाऱ्यांत 3.2 टक्के.

हेच आकडे दोन प्रकारे सांगता येतात. 'ॲस्पिरिनने गंभीर घटना 12 टक्क्यांनी घटतात' हे बरोबर आहे. 'ॲस्पिरिनने मोठा रक्तस्राव 29 टक्क्यांनी वाढतो' हेही बरोबर आहे. पहिलं वाक्य ऐकणारा गोळी सुरू करेल, दुसरं ऐकणारा फेकून देईल. म्हणून मी प्रत्येक वेळी हजार माणसं डोळ्यांसमोर आणतो. सरांसारख्या हजार जणांनी सात वर्षं गोळी घेतली, तर सुमारे 11 जणांची गंभीर घटना टळेल आणि सुमारे 9 जणांना जास्तीचा मोठा रक्तस्राव होईल. उरलेल्यांना काहीच फरक पडणार नाही. तराजू जवळजवळ समतोल.

मग ॲस्प्री. त्यात 19,114 माणसं, बहुतेक सगळी सत्तरीच्या पुढची, त्यातल्या बहुतेकांना मधुमेह नव्हता. त्यात हृदयाला ठळक फायदा दिसला नाही आणि मोठा रक्तस्राव 2.8 टक्क्यांवरून 3.8 टक्क्यांवर गेला. सर 66 चे, चार वर्षांत सत्तरीचे होणार. म्हणजे आज समतोल असलेला तराजू पुढे कुठे झुकणार, हे या अभ्यासाने सांगितलं.

जपानचा जेपॅड मी वाचायला ठेवला होता, कारण असेंडमधली बहुतेक माणसं गोरी ब्रिटिश होती आणि आशियाई माणसांवरचं काहीतरी पाहावं असं वाटलं. त्यात 2,539 मधुमेही होते आणि ठळक फायदा सिद्ध झाला नाही. पण माणसं कमी, आणि आपण गोळी घेतोय की नाही हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पंचवीस मिनिटांत लक्षात आलं, की याच्यावर फार भार टाकता येणार नाही. अर्ध्यात थांबलो. निवडलेला निबंधही अर्ध्यात सोडायची मुभा असते.

गुरुवारची चूक

गुरुवारी रात्री मी बायकोला हे सगळं सांगत होतो. ती डॉक्टर नाही. ती म्हणाली, "पण सर तर आधीपासून घेतायत ना? तुझ्या अभ्यासांत तर गोळी नव्याने सुरू केली होती."

मी कागद काढला. 'ॲस्पिरिन न घेण्याशी तुलना' असं लिहिलं होतं. सरांनी विचारलं होतं 'बंद करू का?' आणि मी आठवडाभर 'सुरू करावी का?' याचं उत्तर शोधत होतो. हे दोन प्रश्न सारखे वाटतात, पण नऊ वर्षं चालू असलेली गोळी थांबवल्यावर काही वेगळं होतं का, हे कुणीतरी पाहायला हवं. अमेरिकेतल्या तज्ज्ञ गटाची 2022 ची सूचनाही पाहिली. साठीच्या पुढे हृदयविकार नसलेल्यांनी ॲस्पिरिन नव्याने सुरू करू नये, असं तिने स्पष्ट म्हटलंय. आधीपासून घेणाऱ्यांनी पंच्याहत्तरीच्या आसपास थांबवण्याचा विचार करावा, असं गणिती अंदाजावरून सुचवलंय. सर 66 चे, या दोन्हींच्या मधले.

मग बाजूला टाकलेल्या सेहेचाळिसांची यादी काढली. कारणं लिहिलेली होती म्हणून पाच मिनिटांत काम झालं. 'उंदीर' तसेच राहू दे. 'मत' राहू दे. 'नुसतं निरीक्षण' यापाशी थांबलो. स्वीडनचा तो निबंध 2017 सालचा होता आणि नेमका ॲस्पिरिन थांबवण्याबद्दलच होता. माझ्या ढिगात खरा प्रश्न विचारणारा तो एकटाच, आणि तोच मी फेकला होता.

शुक्रवारी तो पूर्ण वाचला. कमी मात्रेची ॲस्पिरिन घेणाऱ्या सहा लाखांहून जास्त लोकांची नोंद. ज्यांनी गोळी थांबवली त्यांच्यात हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या घटनांचं प्रमाण 37 टक्क्यांनी जास्त. आकडा वाचून क्षणभर पोटात गोळा आला. मग पुन्हा पद्धती. त्या लोकांतल्या बऱ्याच जणांना आधीच हृदयविकार होता, आणि धोक्यातली वाढ त्यांच्यात जास्त ठळक होती. ज्यांना तो नव्हता त्यांच्यात ती बरीच कमी होती. शिवाय चिठ्ठी नव्हती, म्हणजे कुणी गोळी का थांबवली ते आपल्याला ठाऊक नाही. जो माणूस आजारी पडून हळूहळू सगळ्याच गोळ्या सोडतो, त्याला पुढे ॲटॅक आला तर दोष गोळी सोडण्याचा की आजाराचा? मोठा रक्तस्राव किंवा शस्त्रक्रिया झालेल्यांना लेखकांनी वगळलं होतं, पण ही शंका पूर्ण जात नाही.

तरी या निबंधाने माझं वागणं बदललं. 'बंद करा' एवढंच सांगून मी सरांना घरी पाठवणार नव्हतो. थांबवायचं असेल तर बाकीचं रक्षण पक्कं आहे ना, हे आधी बघायचं, आणि पुढचे काही महिने लक्ष ठेवायचं.

सोमवार

सर आले. मी त्यांना हजार माणसांचं चित्र काढून दाखवलं. 11 इकडे, 9 तिकडे. "सर, तराजू जवळजवळ सारखा आहे, तेव्हा आता तुमच्या बाजूने काय काय आहे ते बघू."

मग जे आधीच विचारायला हवं होतं ते विचारलं. गुडघेदुखीसाठी सर आठवड्यातून तीन-चार वेळा डायक्लोफेनॅक घेत होते, मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय. अशी वेदनाशामक गोळी आणि ॲस्पिरिन एकत्र आली की पोटातल्या रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. समतोल तराजूवर हे मोठं वजन होतं. वाचलेल्या निबंधांइतकीच या एका उत्तराने निर्णयाला दिशा दिली. दुसऱ्या पारड्यात कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळी नियमित चालू होती, रक्तदाब 130 च्या आत होता, तंबाखू नव्हती.

आम्ही दोघांनी मिळून ॲस्पिरिन थांबवली. गुडघ्यासाठी वेगळा इलाज ठरवला, हिमोग्लोबिन तपासलं, आणि तीन महिने दरमहा भेटायचं ठरलं. छातीत दुखलं, दम लागला, हात-पाय किंवा बोलणं लटपटलं तर वाट न पाहता रुग्णालयात जायचं, हे त्यांच्या मुलालाही समजावलं.

निघताना सर म्हणाले, "गोळी तुम्हीच चालू केली होती ना?"

"हो सर."

"मग बंदही तुम्हीच केली. बरं झालं."

तुमच्यापैकी कुणी ॲस्पिरिन घेत असेल तर एक विनंती. हा लेख वाचून गोळी थांबवू नका. तुम्हाला हार्ट ॲटॅक, स्टेंट, बायपास किंवा पक्षाघात झालेला असेल तर तुम्ही माझ्या पहिल्या फेरीतल्या त्या नऊ निबंधांतली माणसं आहात. तुमचं उत्तर वेगळं आहे आणि गोळी अचानक थांबवणं तुमच्या जिवावर बेतू शकतं. यातलं काहीच झालेलं नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, "ही गोळी मला कशासाठी आहे?" आणि मेडिकलमधून स्वतः आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही सोबत दाखवा.

ते पन्नास निबंध अजून माझ्या संगणकावर आहेत. पाच वाचले, त्यातला एक अर्धाच. बाकीच्यांपुढे दोन-दोन शब्द लिहिलेले आहेत. उद्या कुणी वेगळा प्रश्न घेऊन आलं, तर मी तिथूनच सुरुवात करेन.